डॅशबोर्डवरचा आकडा एक दिवस सरकतोय? आधी सीमेची वेळ शोधा

2024 साली एका दूध संस्थेच्या सचिवांचा फोन आला. आवाज चढलेला. "वाडीच्या केंद्रावर 11 मार्चला काटा बिघडला होता. दिवसभर संकलन बंद. सगळं दूध शेजारच्या केंद्रावर गेलं. आणि तुमच्या डॅशबोर्डवर त्या दिवशी साडेछत्तीस लिटर दिसतंय. बंद केंद्रावर दूध घातलं कुणी?" त्यांचा संशय केंद्रावरच्या पोरावर होता, बोगस पावतीचा. पोरगा बिचारा रजिस्टर घेऊन येऊन बसला होता.

पावती बोगस नव्हती. ती 12 तारखेची होती, पहाटे पाचच्या आसपासची. डेटाबेसात ती बरोबर नोंदली गेली होती. फक्त "दिवस" कोणत्या घड्याळाने मोजायचा यावर डेटाबेस आणि डॅशबोर्ड यांचं एकमत नव्हतं. हा बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केलाय की आता फोनवरच दोन प्रश्न विचारून कारण सांगता येतं. ते प्रश्न आणि त्यामागची तपासणी इथे लिहून ठेवतोय. उदाहरण पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि मेटाबेस हे डॅशबोर्डचं साधन या जोडीचं आहे, कारण माझं बहुतेक काम त्यावर चालतं. साधन दुसरं असलं तरी क्रम हाच ठेवा.

लक्षणं

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे हा बिघाड बरेच दिवस दिसतच नाही. रोज पहाटेचं थोडं दूध कालच्या खात्यावर जातं, पण उद्याच्या पहाटेचं तितकंच दूध आजच्या खात्यावर येतं. दोन्ही साधारण सारखंच असल्यामुळे रोजचा आकडा पाच-सात लिटरने हलतो आणि महिन्याची बेरीज जवळपास जुळते. कुणाला शंका येत नाही. मग एखादा दिवस केंद्र बंद राहतं आणि बंद दिवशी छोटासा खांब उभा राहिलेला दिसतो. सुट्टीच्या दिवशी विक्री, लॉकआउटच्या दिवशी उत्पादन, रविवारी हजेरी, ही सगळी याचीच भावंडं.

दुसरं लक्षण महिन्याच्या सुरुवातीला दिसतं. फिल्टर 1 मार्चपासून लावलाय, तरी आलेखाच्या डाव्या टोकाला 29 फेब्रुवारीचा बुटका खांब येतो. याचा अर्थ फिल्टर एका घड्याळाने चाललाय आणि दिवसांची गटवारी दुसऱ्या.

तिसरं लक्षण बिंदूवर माउस नेल्यावर कळतं. रोजच्या आकड्यांचा आलेख असूनही बिंदूपाशी 18:30 किंवा 05:30 अशी वेळ दिसली, तर पुढचं अर्धं निदान झालं म्हणून समजा. आपली मध्यरात्र यूटीसीत, म्हणजे जगाच्या सामायिक प्रमाणवेळेत, लिहिली की आदल्या दिवशीचे 18:30 होतात. यूटीसीची मध्यरात्र आपल्या घड्याळात पहाटेचे 05:30.

आणि चौथं, जे मला कुणी ना कुणी हमखास सांगतं: "माझ्या डीबीव्हरमध्ये बरोबर येतं, डॅशबोर्डवरच चुकतं." डीबीव्हर म्हणजे आपल्या लॅपटॉपवरून डेटाबेसात डोकावायचं साधन. यावर खाली वेगळं लिहिलंय.

पहिली तपासणी: पूर्ण बिंदू सरकलाय की त्याचा तुकडा?

याला खर्च शून्य. कागदावरचं रजिस्टर, बिलबुक, जे काही मूळ असेल ते घ्या आणि एकच दिवस ताडून बघा. प्रश्न एकच: त्या दिवसाचा *सगळा* आकडा शेजारच्या तारखेवर गेलाय, की थोडाच?

हे आधी बघायचं कारण म्हणजे दोन्ही बिघाडांची मुळं वेगळ्या ठिकाणी असतात. सगळा आकडा सरकला असेल तर गटवारी बरोबर झालीये, पण तयार झालेली तारीख नंतर कुठेतरी पुन्हा वेळेसारखी वागवली गेलीये. तुकडाच सरकला असेल तर गटवारी करतानाच घड्याळ चुकलंय. हे न ठरवता सेटिंगांना हात लावणारे लोक एक चूक दुसऱ्या चुकीने झाकतात, आणि सहा महिन्यांनी मला फोन करतात.

तुकडा सरकला असेल तर पुढचा प्रश्न: किती वाजताच्या आधीच्या किंवा नंतरच्या नोंदी सरकल्यात? या वेळेला मी सीमा म्हणतो. संपूर्ण निदान या सीमेवर आहे, म्हणून थोडा वेळ घालवतो.

वाडीच्या केंद्रावरच्या 12 मार्च 2024 च्या पाच पावत्या नमुन्याला घेऊ. साडेपाचच्या आत झालेल्या पहिल्या दोनच होत्या.

| पावतीची वेळ (आपली) | लिटर | यूटीसीत |
|---|---|---|
| 04:52 | 14.5 | 11 मार्च 23:22 |
| 05:21 | 22.0 | 11 मार्च 23:51 |
| 05:40 | 18.0 | 12 मार्च 00:10 |
| 18:05 | 16.5 | 12 मार्च 12:35 |
| 18:47 | 9.0 | 12 मार्च 13:17 |

पहिल्या दोन पावत्यांची बेरीज साडेछत्तीस. सचिवांना बंद दिवशी दिसलेलं दूध ते हेच. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे यूटीसीचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला उजाडतो. त्याआधीचं सगळं त्याच्या लेखी कालचं.

आता सीमेवरून कारण कसं ओळखायचं ते सांगतो.

सीमा पहाटे 5:30 ला असेल आणि त्याआधीच्या नोंदी मागे गेल्या असतील, तर यूटीसीतून आपल्या वेळेत रूपांतर झालेलंच नाही. दिवस यूटीसीने मोजला जातोय. दहापैकी सात-आठ वेळा हेच निघतं.

सीमा सकाळी 11:00 ला असेल, म्हणजे सकाळचं अख्खं संकलन कालच्या तारखेवर गेलंय पण संध्याकाळचं जागेवर आहे, तर रूपांतर झालंय पण उलट्या दिशेने. साडेपाच तास मिळवायच्या ऐवजी वजा झालेत.

सीमा संध्याकाळी 6:30 ला असेल आणि त्यानंतरच्या नोंदी *पुढच्या* दिवशी गेल्या असतील, तर रूपांतर दोनदा झालंय. वरच्या यादीतली 18:47 ची पावती 13 मार्च 00:17 होऊन बसते. 18:05 ची पावती 23:35 वर थांबते, म्हणून ती वाचते.

सीमा पहाटे 3:30 ला असेल तर मी हसतो. तुमच्या क्वेरीत कुणीतरी `'IST'` लिहिलंय. पोस्टग्रेसच्या मूळ यादीत या तीन अक्षरांचा अर्थ इस्रायलची प्रमाणवेळ असा आहे, यूटीसीच्या दोनच तास पुढे. दूधवाल्यांना ही चूक कधी कळणारच नाही, कारण साडेतीनच्या आत कुणी दूध घालत नाही. रात्रपाळी चालणाऱ्या कारखान्यात मात्र लगेच बोंब होते.

दुसरी तपासणी: दुसऱ्या घड्याळाच्या संगणकावर उघडून बघा

तोच डॅशबोर्ड अशा संगणकावर उघडा ज्याचा टाइमझोन वेगळा आहे. क्रोममध्ये हे बसल्या जागी होतं: डेव्हलपर टूल्समध्ये `Sensors` नावाचं पॅनल आहे, तिथे दुसऱ्या देशातलं शहर निवडलं की त्या टॅबचं घड्याळही बदलतं. पान पुन्हा लोड करा.

आकडे किंवा तारखा बदलल्या तर रूपांतर ब्राउझरमध्ये होतंय. काहीच बदललं नाही तर ब्राउझर निर्दोष, सर्व्हरकडे चला. पाच मिनिटांत अर्धा रस्ता कापला जातो म्हणून ही तपासणी वर ठेवलीये.

डॅशबोर्डसाठी ग्राफाना वापरत असाल तर हे विशेष बघा. ते मूळ सेटिंगमध्ये ब्राउझरचं घड्याळ पाळतं. क्वेरीतून नुसती तारीख गेली तर तिला यूटीसीची मध्यरात्र समजतं. भारतात त्याचा बिंदू त्याच तारखेच्या 05:30 वर पडतो, तारीख बदलत नाही, म्हणून इथे बसलेल्या माणसाला काही चुकलंय असं वाटतच नाही. तोच आलेख न्यू जर्सीतल्या सहकाऱ्याने उघडला की 12 मार्चची मध्यरात्र त्याच्याकडे 11 मार्चची रात्रीची आठ झालेली असते आणि अख्खा आलेख एक दिवस मागे. "तुमच्याकडे बरोबर, माझ्याकडे चूक" हा पुणे-अमेरिका वाद मी दोनदा मिटवलाय. दोन्ही वेळा डॅशबोर्डच्या सेटिंगमधल्या `Time zone` मध्ये नाव पक्कं करून भागलं. फक्त काय ठरवायचं ते आधी ठरवा: तारीख नुसतीच पाठवत असाल तर तिथे यूटीसी ठेवा, खरी वेळ पाठवत असाल तर व्यवसाय जिथे चालतो तिथला टाइमझोन.

तिसरी तपासणी: डॅशबोर्डचं स्वतःचं सेटिंग

मेटाबेसमध्ये अ‍ॅडमिन सेटिंगच्या `Localization` मध्ये `Report Timezone` असतं. मूळ किंमत `Database Default`. डेटाबेस क्लाउडवर असेल तर हे डिफॉल्ट जवळजवळ नेहमी यूटीसी निघतं, आणि मग सीमा साडेपाचला. तिथे `Asia/Kolkata` निवडा, प्रश्न पुन्हा चालवा. जुना निकाल साठवलेला असेल तर तोच परत दिसतो, म्हणून नुसतं पान ताजं करून "फरक पडला नाही" असा निष्कर्ष काढू नका.

वाडीच्या केंद्राचा घोळ इथेच सुटला. पाच मिनिटांचं काम.

पण हे सेटिंग बदलण्याआधी एक गोष्ट करा: जुन्या क्वेऱ्यांमध्ये `5 hours` किंवा `330` शोधा. का, ते पाचव्या तपासणीत येईल. मी त्या वेळी शोधलं नाही, आणि त्याचं फळ मे महिन्यात मिळालं.

हे सेटिंग बदलूनही सीमा तसूभर हलली नाही, तर कॉलमचा प्रकार बघायची वेळ आली. मेटाबेसचं हे सेटिंग टाइमझोन असलेल्या कॉलमांनाच लागू होतं. साध्या कॉलमला ते हात लावत नाही, आणि लावू नयेच.

चौथी तपासणी: डेटाबेसशी बोलणाऱ्याचं घड्याळ

आता "डीबीव्हरमध्ये बरोबर येतं" याकडे. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक जोडणीचा, म्हणजे सेशनचा, स्वतःचा टाइमझोन असतो. पावतीची वेळ `vel` या कॉलममध्ये असेल आणि `vel::date` असं लिहिलं की तो दिवस त्या सेशनच्या घड्याळाने निघतो. एकच क्वेरी, एकच डेटा, दोन सेशन, दोन उत्तरं. यात बिघाड काही नाही, पोस्टग्रेस असंच चालतं.

डीबीव्हर जावावर चालतो, आणि जावाचा पोस्टग्रेस ड्रायव्हर जोडणी करतानाच तुमच्या लॅपटॉपचा टाइमझोन सर्व्हरला सांगून टाकतो. तुमचा लॅपटॉप भारतात, म्हणून तिथे बरोबर. डॅशबोर्ड डॉकरच्या डब्यात, आणि डब्याचं घड्याळ कुणी मुद्दाम बदललं नाही तर यूटीसी. म्हणून तिथे चूक. दोन्हीकडून हे चालवा:

```sql
show timezone;
select now(), now()::date;
```

डॅशबोर्डच्या आतल्या एसक्यूएल खिडकीतून चालवणं महत्त्वाचं. तिथलं उत्तरच खरं, तुमच्या लॅपटॉपवरचं नव्हे. दोन उत्तरं वेगळी आली तर कारण सापडलं.

इथे मोह होतो की सर्व्हरचाच टाइमझोन बदलून टाकावा, एका ओळीत सगळं सुटेल. करू नका. त्याच सर्व्हरवर दुसऱ्या कुणाच्या रात्रीच्या नोंदी, बॅकअप, बिलांचे जॉब असतात आणि ते सगळे `::date` वर विसंबलेले असतात. तुमचा आलेख सुधारेल आणि हिशेबनिसाचा अहवाल सरकेल.

पाचवी तपासणी: कॉलम आणि क्वेरी

इथवर सेटिंगांनी भागलं नाही तर आता एसक्यूएल वाचावं लागतं. आधी कॉलमचा प्रकार:

```sql
select column_name, data_type
from information_schema.columns
where table_name = 'sankalan';
```

`timestamp with time zone` आलं तर आत एक निश्चित क्षण साठवलेला आहे. नाव फसवं आहे: यात टाइमझोन साठवला *जात नाही*. पोस्टग्रेस तो क्षण यूटीसीत ठेवतो आणि दाखवताना सेशनप्रमाणे फिरवतो. `timestamp without time zone` आलं तर आत नुसतं भिंतीवरच्या घड्याळाचं वाचन आहे. कोणती भिंत, हे डेटाबेसला माहीत नाही. ते लिहिणाऱ्या अ‍ॅपला विचारावं लागतं, किंवा सरळ आत्ता एक पावती करून मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघावं. मी दुसरं करतो. अ‍ॅप लिहिणाऱ्यांची आठवण आणि अ‍ॅपची करणी नेहमी जुळतेच असं नाही.

मग क्वेरी. `at time zone` हे शब्द कॉलमच्या प्रकाराप्रमाणे नेमकं उलट काम करतात, आणि अकराची सीमा बहुतेक इथूनच येते. क्षण असलेल्या कॉलमला लावलं तर ते त्या गावचं भिंतीवरचं वाचन देतं. भिंतीवरच्या वाचनाला लावलं तर "हे वाचन त्या गावचं आहे" असं गृहीत धरून क्षण बनवतं.

क्षणाच्या कॉलमसाठी बरोबर रूप:

```sql
select (vel at time zone 'Asia/Kolkata')::date as divas,
       sum(liter)
from sankalan
group by 1
order by 1;
```

कॉलम साधा असेल आणि आतलं वाचन यूटीसीचं असेल, तर आधी ते यूटीसीचं आहे हे सांगावं लागतं, मग फिरवावं लागतं:

```sql
(vel at time zone 'UTC' at time zone 'Asia/Kolkata')::date
```

यातला मधला तुकडा गाळला की पोस्टग्रेस 23:22 ला भारताची वेळ समजतं, तिचा क्षण 17:52 यूटीसी काढतं, आणि यूटीसीच्या सेशनमध्ये सकाळचं सगळं दूध काल जातं. आणि कॉलम साधा असून आतलं वाचन आधीच भारताचं असेल तर काहीच करू नका, `vel::date` पुरे.

अकराच्या सीमेचं दुसरं उगमस्थान म्हणजे `at time zone '+05:30'`. दिसायला निर्दोष. पण या जागी पोस्टग्रेस अधिक-उणे जुन्या पॉझिक्स पद्धतीने वाचतं, जिथे अधिक म्हणजे ग्रिनिचच्या पश्चिमेला. तुम्ही भारत म्हणून लिहिलेलं अटलांटिकच्या पलीकडे जाऊन पडतं. गंमत अशी की `'2024-03-12 00:00+05:30'` अशा पूर्ण वेळेत मात्र तेच चिन्ह आपल्याला हवं तसं वाचलं जातं. म्हणून मी नियमच करून टाकलाय: `at time zone` पुढे टाइमझोन नेहमी पूर्ण नावाने, `Asia/Kolkata`. आकडे नाहीत, आद्याक्षरं नाहीत.

फिल्टरलाही तेच घड्याळ लावा, नाहीतर डाव्या टोकाचा बुटका खांब राहतोच. क्षणाच्या कॉलमसाठी ते असं:

```sql
where vel >= '2024-03-01 00:00+05:30'
  and vel <  '2024-04-01 00:00+05:30'
```

अशा रूपात कॉलमवर कुठलीही प्रक्रिया होत नाही, त्यामुळे त्यावरची अनुक्रमणिका, म्हणजे इंडेक्स, वापरात राहते.

आता मे महिन्याची गोष्ट. सचिवांचा पुन्हा फोन, या वेळी "संध्याकाळचं दूध दोन दिवसांत वाटलं जातंय". सीमा विचारली, साडेसहा निघाली. माझ्या आधी कुणीतरी एका जुन्या क्वेरीत हे लिहून ठेवलं होतं:

```sql
(vel + interval '5 hours 30 minutes')::date
```

सेशन यूटीसीत असेपर्यंत या जुगाडाचं उत्तर बरोबर यायचं. मी मार्चमध्ये सेटिंग भारतावर आणलं आणि रूपांतर दोनदा व्हायला लागलं. चूक माझी, कारण मी शोधलं नव्हतं. हा जुगाड दिसला की काढाच, चालत असला तरी. तो कुणाच्या तरी सेटिंगवर उभा असतो आणि ते सेटिंग कधी हलेल हे त्याच्या हातात नसतं.

शेवटचा भाग, पूर्ण बिंदू सरकण्याचा. वरच्या क्वेऱ्यांत शेवटी `::date` आहे ते उगाच नाही. तिथे भारताच्या मध्यरात्रीचा *क्षण* पाठवला, तर यूटीसी पाळणारं साधन त्याला आदल्या दिवशीचे 18:30 म्हणून लिहितं आणि 12 तारखेची अख्खी बेरीज 11 वर जाते. दिवस हवा असेल तर दिवसच पाठवा.

सहावी तपासणी: तारीख लिहितानाच चुकली का?

वर सगळं ठीक असूनही काही नोंदी पूर्ण एक दिवस मागे असतील, तर त्या हाताने तारीख निवडून भरलेल्या आहेत का ते बघा. वेब फॉर्ममध्ये माणूस कॅलेंडरवर 12 निवडतो. जावास्क्रिप्ट त्याची आपल्याकडची मध्यरात्र धरतं. मग कुणीतरी असं लिहिलेलं असतं:

```js
new Date(2024, 2, 12).toISOString().slice(0, 10)
// "2024-03-11"
```

`toISOString` यूटीसीत लिहितं, म्हणजे `2024-03-11T18:30:00.000Z`, आणि पहिली दहा अक्षरं कापली की 11. भारतातल्या ब्राउझरवर ही चूक रोज, प्रत्येक नोंदीत होते. तारीख डेटाबेसात चुकीचीच बसलीये, डॅशबोर्डचा काही दोष नाही आणि तिथे काही करून उपयोगही नाही. अ‍ॅपमध्ये वर्ष, महिना, दिवस वेगळे काढून जोडावे लागतात.

इथे थांबा

यापुढचं काम स्वतः करू नका असं मी सांगतो, आणि स्वतःही एकट्याने करत नाही.

पहिला प्रसंग: एकाच कॉलममध्ये दोन प्रकारचं वाचन. अमुक तारखेपर्यंत अ‍ॅप भारताची वेळ लिहायचं, नव्या आवृत्तीनंतर यूटीसी. सीमा शोधायला गेलात आणि जानेवारीत एक, एप्रिलमध्ये दुसरी निघाली तर हेच आहे. केंद्राकेंद्रावर अ‍ॅप वेगवेगळ्या दिवशी बदललं असेल तर हे उलगडायला अ‍ॅप लिहिणारा आणि डेटाबेस सांभाळणारा दोघंही समोर लागतात. सरसकट `update` मारला तर जे बरोबर होतं तेही बिघडेल, आणि परत फिरायला खूण उरणार नाही.

दुसरा: रोजच्या बेरजेचं तयार टेबल. रात्रीचा जॉब दिवसाची बेरीज करून मूळ वेळ टाकून देत असेल, तर त्यातून पहाटेचे साडेछत्तीस लिटर वेगळे काढता येत नाहीत. मूळ पावत्यांवरून टेबल पुन्हा बांधावं लागतं. पावत्या जुन्या म्हणून काढून टाकल्या असतील तर मागचं दुरुस्त होणार नाही, हे आधीच सांगून मोकळं व्हा.

तिसरा: कॉलमचा प्रकार बदलणं. `alter table` लिहायला एक ओळ, पण ते चालू असताना टेबलाला कुलूप लागतं, आणि त्यावर उभे असलेले व्ह्यू बदल अडवतात. पहाटे पाचला संकलन चालू असलेल्या टेबलावर हे करणाऱ्याला नंतर शेतकऱ्यांसमोर उभं राहावं लागेल.

चौथा, आणि यात तडजोड नाही: त्याच आकड्यांवर पैसे वाटले जात असतील. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. दिवस सरकला की कुणाचं तरी दूध एका बिलातून दुसऱ्यात जातं, आणि त्या दोन बिलांत दर बदललेला असू शकतो. आलेख दुरुस्त करायच्या आधी हिशेबनिसाला बसवून विचारा की बिल कोणत्या घड्याळाने निघालं. वाडीच्या संस्थेत बिलं केंद्रावरच्या पावतीच्या छापील तारखेवरून निघत होती, डॅशबोर्डवरून नव्हे, म्हणून वाचलो.

माणसाला बोलावताना हातात एवढं ठेवा: एका दिवसाच्या पाच-सहा नोंदी, त्यांची कागदावरची वेळ आणि डॅशबोर्डवरची तारीख, सीमा किती वाजता आहे, कॉलमचा प्रकार, आणि `show timezone` चं डॅशबोर्डमधून आलेलं उत्तर. एवढं आधी पाठवलंत तर त्याचा पहिला दिवस वाचतो. पोराचं रजिस्टरही जवळ असू द्या, ते मी अजून परत केलेलं नाही.